‘हे संपलं की ते लागायचं’ : एका आठवणीवरून भीमगीतांची कॅसेट कशी शोधावी

आपल्या वस्त्यांमधल्या पन्नाशीपुढच्या कोणाही माणसासमोर एखादे जुने भीमगीत लावा आणि ते संपल्याबरोबर बंद करा. दोन-तीन सेकंद शांतता जाते आणि तो माणूस वेगळ्याच गाण्याची सुरुवात गुणगुणू लागतो. विचारले तर म्हणतो, "ह्याच्यानंतर तेच लागायचं." गायक नीट आठवत नसतो, कंपनी तर नाहीच, साल तर विचारूच नका. पण क्रम आठवतो.

याला कारण आहे. कॅसेटमध्ये गाणे निवडून लावता येत नव्हते. पुढचे गाणे ऐकायचे तर आधीचे संपू द्यावे लागे, नाहीतर अंदाजाने रीळ पुढे पळवावे लागे. त्यामुळे एक बाजू शंभर वेळा ऐकलेल्या माणसाच्या कानात दोन गाण्यांमधली शांतताही बसलेली असते. २००९ साली जर्नल ऑफ न्यूरोसायन्समध्ये याच गोष्टीवर एक अभ्यास आला होता. लोकांना त्यांच्या ओळखीच्या सीडीतील गाण्यांचे शेवट ऐकवले, तेव्हा पुढच्या शांततेत त्यांच्या मनात पुढचे गाणे सुरू होत होते आणि मेंदूच्या हालचालीतही ती वाट पाहणे दिसत होते. एक मात्र लक्षात ठेवावे. ही आठवण बहुतेक पुढच्या दिशेनेच चालते. "याच्या आधी काय होतं?" असे विचारले की माणूस अडखळतो.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील काही कार्यकर्ते मिळून आम्ही जुनी भीमगीते आणि बुद्धगीते कोणी लिहिली, कोणी गायली, कोणत्या कॅसेटमध्ये आली याची नोंद करत आहोत. या कामात ‘याच्यानंतर ते’ ही आठवण आम्हाला सर्वांत उपयोगी पडली. ती कशी वापरायची, आणि ती कुठे फसवते, हे इथे सविस्तर मांडतो.

एक गाणे पुरत नाही, जोडी का पुरते

भीमगीतांच्या बाबतीत एकट्या गाण्यावरून कॅसेट शोधणे जवळजवळ निरुपयोगी असते. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या कवीचे एक गीत किती गायन पार्ट्यांनी गायले असेल याची मोजदाद नाही. लोकप्रिय गायकाचे एकच ध्वनिमुद्रण पुढे निवडक गाण्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या कॅसेटमध्येही टाकले जाई. म्हणजे गाणे सापडले तरी कॅसेट सापडत नाही.

जोडीचे तसे नाही. समजा कॅसेटमध्ये दहा गाणी आहेत, एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला पाच. दहा गाण्यांतून ‘आधी हे, मग ते’ अशा जोड्या ९० होतात. पण प्रत्यक्षात पाठोपाठ वाजणाऱ्या जोड्या किती? एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार, एकूण आठ. म्हणजे तीच दहा गाणी कोणी वेगळ्या क्रमाने लावून दुसरी कॅसेट काढली, तरी आपली जोडी त्याच क्रमाने योगायोगाने येण्याची शक्यता अकरात एकापेक्षाही कमी. सगळी गाणी तीच नसतील तर आणखी कमी. म्हणून दोन गाणी आणि त्यांचा क्रम एवढे हाती आले की आपण कॅसेटच्या पुष्कळ जवळ असतो.

अट एकच. ती कॅसेट कंपनीने काढलेली हवी, घरी भरलेली नको.

आधी ठरवा, कॅसेट कोणत्या जातीची

(ही एक जात विचारायला हरकत नाही.)

१९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. मोठ्या कंपन्यांच्या बाहेरही अनेक छोट्या कंपन्या आणि स्वतः गायक कॅसेट काढू लागले. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली ‘कॅसेट कल्चर’ नावाचे पुस्तक लिहिले, ते उत्तर भारतातील याच उलथापालथीवर आहे. त्याच काळात कोरी कॅसेट देऊन आवडीची गाणी भरून देणारी दुकानेही गावोगाव होती. उल्हासनगरच्या पाच कॅम्पांतून, स्टेशनाबाहेरून अशी भरलेली कॅसेट घरी आणल्याचे आम्हाला अनेकांनी सांगितले. अशा कॅसेटवरचा क्रम म्हणजे दुकानदाराने किंवा वडिलांनी कागदावर लिहून दिलेली यादी. तो क्रम जगात त्या एकाच कॅसेटवर असतो. त्यावरून अल्बम शोधायला गेलात तर महिने जातील आणि हाती काही लागणार नाही.

हे ओळखायची सोपी पद्धत म्हणजे दुसरा साक्षीदार शोधणे, आणि तो दुसऱ्या घरातला शोधणे. एकाच घरातील चार भावंडांनी तीच जोडी सांगितली तरी ती साक्ष एकच धरायची, कारण चौघांनी ऐकलेली वस्तू एकच होती. वेगळ्या घरातील, शक्यतो वेगळ्या गावातील माणसाने न सुचवता तीच जोडी सांगितली, तर ती कॅसेट बाजारात अनेक प्रतींत विकली गेली होती असे धरायला हरकत नाही.

आणखी एक फसवणूक २००० नंतरच्या एमपीथ्री सीड्यांची आहे. त्यात शंभर-शंभर गाणी असत आणि बऱ्याच प्लेअरवर ती फाइलच्या नावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने वाजत. म्हणून आठवणीतल्या दोन्ही गाण्यांची नावे इंग्रजीत लिहून पाहावीत. दोन्ही एकाच अक्षराने सुरू होत असतील तर सावध व्हावे. आपल्याकडे हा प्रश्न जरा जास्तच आहे, कारण ‘भीम’पासून सुरू होणारी गाणी काही थोडी नाहीत.

रेडिओवरून भरलेल्या कॅसेटवर शेजारची गाणी दुसरेच काही सांगतात. जर्मनीत १९८० च्या दशकात एका मुलाने रेडिओवरून भरलेल्या कॅसेटमधले एक गाणे कोणाचे हे जगभरचे लोक कित्येक वर्षे शोधत होते. त्याच कॅसेटवरच्या ओळखीच्या गाण्यांवरून ध्वनिमुद्रण साधारण १९८४ चे असावे एवढे कळले होते. फेक्स नावाच्या बँडचे ते गाणे आहे हे शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये उघड झाले. तिथे शेजारच्या गाण्यांनी ‘केव्हा’ हे सांगितले. कंपनीच्या कॅसेटवर शेजारचे गाणे ‘कोणती’ हे सांगते.

अंबरनाथच्या आजींची जोडी

आता आम्ही शोधलेली एक कॅसेट पायरीपायरीने सांगतो. गायक, कवी आणि कॅसेट यांची नावे इथे देत नाही, कारण कवीच्या नावाबाबत दोन कुटुंबांशी बोलणे सुरू आहे.

माता रमाईंवरचे एक संथ गीत यूट्यूबवर होते. चित्राच्या जागी महामानवाचा फोटो, खाली गायकाचे नाव, कवीचे नाव नाही. अंबरनाथच्या एका आजींना आम्ही ते ऐकवले. त्यांचे यजमान ऑर्डनन्स फॅक्टरीत कामाला होते आणि पगाराच्या दिवशी उल्हासनगरहून कॅसेट आणत. गीत संपताच आम्ही मोबाईल बंद केला आणि गप्प बसलो. हे गप्प बसणे महत्त्वाचे आहे. "यानंतर दीक्षाभूमीचं गाणं होतं का?" असे विचारले असते तर आजी मान डोलावून मोकळ्या झाल्या असत्या.

थोड्या वेळाने आजींनी मांडीवर ठेका धरला आणि कव्वालीच्या चालीचा एक जलद मुखडा म्हटला. मग म्हणाल्या, "अरे पोरांनो, हे संपलं की मला चुलीवरून उठावं लागायचं, कॅसेट पालटायला."

या एका वाक्यात जोडीपेक्षा जास्त माहिती होती. कव्वाली संपल्यावर कॅसेट पालटावी लागे, म्हणजे ती त्या बाजूचे शेवटचे गाणे. रमाईंचे गीत शेवटून दुसरे. शोधणाऱ्याने ‘पालटताना कोणतं गाणं संपायचं’ हे नेहमी विचारावे. बाजू आपोआप बदलणारा डेक ज्यांच्या घरी होता त्यांना हे सांगता येत नाही. त्यांच्या आठवणीत एका बाजूचे शेवटचे आणि दुसऱ्या बाजूचे पहिले गाणेही पाठोपाठ येते. पण त्यातले बरेच जण मधला ‘खट्’ आवाज सांगतात. तो आवाज आठवला की समजावे, ही जोडी एका बाजूवरची नाही.

आजींच्या बदलापूरच्या दिरांनीही तीच जोडी सांगितली. पण ते तेव्हा त्याच घरात राहत होते, म्हणून आम्ही ती साक्ष वेगळी मोजली नाही. उल्हासनगरला जयंतीच्या मिरवणुकीत लाऊडस्पीकर लावणारे एक काका भेटले. त्यांच्याकडे स्वतःच्या कॅसेटची पेटी होती, आजींच्या घराशी संबंध नव्हता. रमाईंचे गीत ऐकवल्यावर त्यांनीही तीच कव्वाली धरली आणि म्हणाले, "ही संपली की मी दुसरी कॅसेट लावायचो." आजी पालटायच्या, काका बदलायचे, पण बाजू तिथे संपत होती यावर दोघांचे एकमत. आता ही कंपनीची कॅसेट आहे असे धरून पुढे जाता आले.

कव्वालीचे शब्द इंटरनेटवर शोधले. इथे एक व्यवहाराची गोष्ट. मराठीत शोधून थांबू नये. लोकांनी गाणी चढवताना `bhimgeet`, `bhim geete`, `bheemgeet` असे वाटेल तसे लिहिलेले असते, आणि मुखड्याचे शब्दही तसेच. प्रत्येक स्पेलिंगने वेगळे निकाल येतात. आम्हाला तीन ध्वनिमुद्रणे मिळाली, तिन्हीचे गायक वेगळे. आजींनी दोन ऐकताच बाजूला केली. "आमच्या कॅसेटीत कोरसला बाया होत्या," असे त्या म्हणाल्या. शब्द सारखे असले तरी ध्वनिमुद्रण वेगळे असते, आणि आपण शोधतो ते ध्वनिमुद्रण.

तिसरे बरोबर होते, पण तेही एकटे गाणे, कॅसेटचा उल्लेख नाही. शोध इथे काही आठवडे अडला.

उलटी कुजबुज

मार्ग निघाला तो बदलापूरच्या एका तरुणाकडच्या जुन्या फाइलमधून. त्याच्या वडिलांनी ती कव्वाली कॅसेटवरून संगणकावर घेतली होती. गाणे संपल्यावर मशीन लगेच बंद केले नव्हते, त्यामुळे शेवटी जवळजवळ पाऊण मिनिट नुसती खरखर होती. हेडफोन लावून आवाज वाढवला तर त्या खरखरीत अगदी बारीक, परक्या भाषेसारखे काहीतरी ऐकू येत होते.

हे समजण्यासाठी कॅसेटची रचना डोळ्यांपुढे आणावी लागेल. फितीची रुंदी जेमतेम चार मिलिमीटर असते. तिच्या अर्ध्या रुंदीवर एक बाजू आणि उरलेल्या अर्ध्या रुंदीवर दुसरी बाजू मुद्रित असते, पण उलट दिशेने, कारण कॅसेट पालटल्यावर फीत उलटी धावते. टेपचे हेड किंचित वर-खाली सरकलेले असेल तर ते शेजारच्या पट्ट्यातलेही थोडे उचलते. गाणे चालू असताना ते ऐकू येत नाही. शांततेत मात्र दुसरी बाजू उलटी कुजबुजते.

एका बाजूचा शेवट आणि दुसऱ्या बाजूची सुरुवात फितीवर एकाच ठिकाणी असते. म्हणून बाजू संपल्यानंतरच्या शांततेत जी उलटी कुजबुज येते, ती दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्याची असते. आम्ही तेवढा तुकडा ऑडॅसिटी या मोफत प्रोग्राममध्ये उघडला, त्याचा आवाज वाढवला आणि `Reverse` केले. आता ते सरळ ऐकू आले. आधी बाजाची सुरावट, मग कोरसने उचललेल्या मुखड्याचे दोन-तीन शब्द. तिसरे गाणे हाती आले, आणि तेही जागेसकट. ते दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे होते.

कंपन्या बहुधा सर्वांत जोरदार गाणे किंवा कॅसेटला नाव देणारे गाणे पहिल्या बाजूच्या सुरुवातीला ठेवत. दोन्ही बाजूंची लांबी जुळत नसेल तर जास्तीची कोरी फीत दुसऱ्या बाजूच्या शेवटी येऊ देत. आमच्या फाइलमधली लांब खरखर याच्याशी जुळत होती. म्हणून आम्ही अंदाज केला की आजींची जोडी `B` बाजूच्या शेवटी आहे आणि सापडलेले नवे गाणे `A` बाजूचे पहिले, कदाचित कॅसेटच्याच नावाचे. हा अंदाजच होता. सगळ्या कंपन्या असे करत नसत. पण शोधायला एक नाव मिळाले.

त्या नावाने शोधल्यावर कंपनीने चढवलेला दहा गाण्यांचा एक ‘ज्यूकबॉक्स’ सापडला. आपली तिन्ही गाणी त्यात होती. मात्र रमाईंचे गीत दुसरे आणि कव्वाली सातवी. आमच्यातल्या काहींना वाटले, आजींची आठवण चुकली. तसे नव्हते. कॅसेटची सीडी करताना किंवा नंतर इंटरनेटवर टाकताना क्रम बदलणे नेहमीचे आहे. त्यात बाजूंची लांबी जुळवण्याची अडचण नसते आणि गाजलेली गाणी पुढे आणता येतात. नव्या यादीवरून जुन्या माणसाची आठवण खोटी ठरवू नये. मूळ कॅसेट पाहावी.

कव्हर आणि फीत

मूळ कॅसेट पाहण्यासाठी दोन जागा असतात. एक, कव्हरचे फोटो. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर जगभरचे लोक आपल्याकडच्या कॅसेटची माहिती गाण्यांच्या जागेसह लिहितात, म्हणजे `A1`, `A2`, `B1` अशी. मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच हिंदी कॅसेट तिथे सापडतात. आपल्या गायन पार्ट्यांच्या कॅसेट क्वचितच. जुन्या कॅसेट ऑनलाइन विकणाऱ्यांनी टाकलेले फोटो जास्त उपयोगी पडतात. कव्हरच्या मागची बारीक अक्षरे वाचता येतील असा फोटो मागून घ्यावा. कण्यावरचा क्रमांकही टिपून ठेवावा, कारण एकाच नावाच्या दोन कॅसेट असू शकतात, क्रमांक वेगळा असतो.

दुसरी जागा म्हणजे आपली विहारे आणि जयंती मंडळांची कपाटे. आम्हाला ती कॅसेट बदलापूरच्या एका मंडळाच्या पत्र्याच्या पेटीत मिळाली, पताका आणि निळ्या झेंड्यांच्या खाली. कव्हरवर `B` बाजूची पाच गाणी छापलेली होती. चौथे रमाईंचे, पाचवे कव्वाली.

कव्हरवर छापले म्हणजे फितीवर तसेच असते, असे मात्र नाही. कव्हर आधी छापून व्हायचे आणि गाण्यांचा क्रम नंतर बदलायचा, असे घडलेले आहे. म्हणून कॅसेट वाजवून पाहावीच. वाजवण्याआधी खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे बघा. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट घरच्या टेपवर लावू नका, हेडला घाण लागते आणि पुढच्या कॅसेटही खराब होतात. पुढच्या बाजूला मधोमध एक लहान नमद्याची गादी असते, ती गळून पडली असेल तर आवाज दबका येतो. गाणे खराब आहे असे समजू नका, गादी बसवून घ्या. खूप वर्षे पडून असलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे पळवा. मग अख्खी बाजू एकाच फाइलमध्ये संगणकावर घ्या. गाणी कापू नका, मधली शांतताही ठेवा. आमच्या शोधात उपयोगी पडली ती एका न कापलेल्या फाइलची खरखरच.

आजींसमोर ती बाजू वाजवली तेव्हा रमाईंचे गीत यूट्यूबवर होते त्यापेक्षा लांब निघाले. इंटरनेटवर ते आवाज कमी करत शेवटच्या कडव्याआधीच संपवले होते. आपले कवी शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफतात, वामनदादांच्या कितीतरी गीतांत ते ‘वामन’ म्हणून येते. इथेही शेवटच्या कडव्यात एक नाव होते आणि कव्हरवर ‘गीत’ या शब्दापुढे दुसरेच नाव छापलेले होते. कडव्यातले नाव उल्हासनगरच्या एका दिवंगत कवीचे असावे असे त्यांच्या घरच्यांचे म्हणणे आहे. त्यांच्याकडे वह्या आहेत. त्यातले हे गीत कोणत्या पानावर आहे आणि त्यावर तारीख आहे का, हे पाहण्यासाठी पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी जात आहोत.